बहुविध बुद्धिमत्ता : पाकळ्यांच्या चित्रापलीकडचा सेमिनार

बी.एड. किंवा डी.एल.एड.च्या वर्गात शैक्षणिक मानसशास्त्राचे सेमिनार लागले, की विषयांच्या यादीत गार्डनर यांचा बहुविध बुद्धिमत्ता सिद्धांत हमखास असतो आणि तो सगळ्यात आधी उचलला जातो. सादरीकरणाचा साचाही ठरलेला असतो. पहिल्या स्लाइडवर हॉवर्ड गार्डनर यांचा फोटो, दुसऱ्यावर आठ पाकळ्यांचं रंगीत फूल. मग एकेक पाकळी उलगडत जायची : भाषिक म्हणजे कवी-लेखक, तार्किक-गणिती म्हणजे शास्त्रज्ञ, अवकाशीय म्हणजे चित्रकार-वास्तुशिल्पी, सांगीतिक म्हणजे गायक, शारीरिक म्हणजे खेळाडू-नर्तक, आंतरव्यक्ती म्हणजे शिक्षक-पुढारी, व्यक्तिअंतर्गत म्हणजे चिंतक, निसर्गविषयक म्हणजे शेतकरी-वनस्पतिशास्त्रज्ञ. शेवटी ‘प्रत्येक मूल आपापल्या परीनं हुशार असतं’ असं वाक्य येतं आणि टाळ्या पडतात. हे कशावरून, असं कुणी विचारत नाही.

तो प्रश्न ज्यात विचारला जाईल, अशा सेमिनारचा आराखडा मी इथे मांडते आहे. स्लाइड नऊ, वेळ चाळीस मिनिटं. शिक्षकी पेशाशी संबंध नसलेल्या पालकांनीही तो वाचावा, कारण या सिद्धांताच्या नावानं मुलांच्या चाचण्या विकल्या जातात आणि त्यांचे पैसे पालकच भरतात.

माझ्या मते सगळा गोंधळ एका कारणानं होतो. ‘बहुविध बुद्धिमत्ता’ म्हटलं की तीन वेगवेगळी विधानं एका गाठोड्यात येतात. पहिलं खरं आहे, म्हणून उरलेली दोन्हीही खरी धरली जातात. तेव्हा पहिल्याच स्लाइडवर हे गाठोडं सोडायचं.

स्लाइड १
बहुविध बुद्धिमत्ता : तीन दावे
१. मुलांमध्ये वेगवेगळ्या क्षमता कमी-जास्त असतात.
२. या क्षमता म्हणजे एकमेकींपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र अशा बुद्धिमत्ता आहेत.
३. मुलाची प्रबळ बुद्धिमत्ता ओळखून त्यानुसार शिकवलं, तर ते जास्त शिकतं.

सादर करणाऱ्यानं इथे थांबून वर्गाला हात वर करायला सांगावं : कुणाला कोणता दावा पटतो? बहुतेकांचे हात तिन्हींना वर जातील. ते आकडे फळ्यावर लिहून ठेवावेत, शेवटी उपयोगी पडतात. पहिल्या दाव्यावर वेळ घालवू नये. तो कोणताही शिक्षक, कोणतीही आई मान्य करेल, आणि गार्डनर यांच्या कितीतरी आधीपासून मानसशास्त्राला तो ठाऊक आहे. लुईस थर्स्टन यांनी १९३८ मध्येच शब्दज्ञान, अंकगणित, अवकाशीय जाण, स्मृती अशा सात प्राथमिक मानसिक क्षमता मांडल्या होत्या. खरा वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या दाव्यावर आहे.

स्लाइड २
हॉवर्ड गार्डनर, हार्वर्ड विद्यापीठ
१९८३ : ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ – सात बुद्धिमत्ता
१९९० चं दशक : आठवी, निसर्गविषयक
अस्तित्वविषयक : विचारात घेतली, यादीत पक्की केली नाही

ही स्लाइड दोन मिनिटांत संपवावी. एवढंच सांगावं की गार्डनर यांचं काम दोन ठिकाणी चालू होतं. हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झीरो’मध्ये ते मुलांच्या कलाविषयक वाढीचा अभ्यास करत होते आणि बॉस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा. एकीकडे चित्र काढणारी मुलं, दुसरीकडे वाचा गेलेले पण इतर बाबतीत शाबूत असलेले रुग्ण. बुद्धी एकच आणि ती एका आकड्यात मोजता येते, ही कल्पना त्यांना अपुरी का वाटली असेल, हे यावरून समजतं. बुद्ध्यंकाच्या एका आकड्यावरून मुलांना वर-खाली लावण्याच्या पद्धतीवर त्यांनी घेतलेला आक्षेप मला आजही मोलाचा वाटतो.

स्लाइड ३
एखादी क्षमता ‘बुद्धिमत्ता’ कधी ठरते?
गार्डनर यांच्या आठ निकषांपैकी तीन :
• मेंदूच्या इजेत ती एकटी बिघडू शकते किंवा एकटी वाचू शकते
• एखाद्या व्यक्तीत ती इतरांपेक्षा विलक्षण प्रमाणात आढळते
• मानसशास्त्रीय चाचण्यांमध्ये ती वेगळी उठून दिसते

आठही निकष स्लाइडवर ठेवायचा मोह टाळावा. उरलेल्यांमध्ये उत्क्रांतीचा इतिहास, वाढीचे टप्पे, स्वतःची चिन्हव्यवस्था वगैरे येतात, ते तोंडी सांगता येतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की एखाद्या क्षमतेनं किती निकष पुरे केले म्हणजे तिला यादीत घ्यायचं, याचा ठाम नियम गार्डनर यांनी दिला नाही. ही निवड शास्त्रीय मोजमापापेक्षा कलात्मक निर्णयाच्या जवळ जाते, हे त्यांनी पहिल्याच पुस्तकात प्रांजळपणे मान्य केलं आहे. टीकाकारांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. लंडनचे शिक्षणतत्त्वज्ञ जॉन व्हाइट यांचा प्रश्न असा होता, की हेच निकष का, हे कुठे सिद्ध केलं आहे? निकष आधी ठरले आणि यादी नंतर आली, की यादी मनात होती आणि निकष तिला जुळते घेतले? वर्गातल्या मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा. उत्तर देता येवो न येवो, सिद्धांत तपासायचा म्हणजे काय करायचं ते त्यातून कळतं.

आता गार्डनर यांची सर्वांत भक्कम बाजू. टीकात्मक सेमिनार म्हणजे फक्त दोष काढायचे, असा समज असतो. पण ज्याची चिकित्सा करायची त्याची बाजू जितक्या ताकदीनं मांडता येईल तितकी आधी मांडली पाहिजे, नाहीतर पुढची चिकित्सा पोकळ ठरते.

स्लाइड ४
व्हिसारिओन शेबालिन, सोव्हिएत संगीतकार
१९५३ आणि १९५९ : पक्षाघाताचे झटके
बोलणं आणि दुसऱ्याचं बोललेलं समजणं – गंभीर बिघाड
संगीतरचना – चालूच
प्रश्न : वेगळी बिघडते, म्हणून वेगळी वाढते का?

शेबालिन यांची भाषा जवळपास कोसळली होती. तरीही त्यांनी आपली पाचवी सिंफनी पुरी केली. प्रसिद्ध मज्जामानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णाची नोंद केली आहे. भाषा आणि संगीत मेंदूत एकाच यंत्रणेवर चालत असते, तर हे शक्य झालं नसतं. वर्गावर या उदाहरणाचा परिणाम होतो आणि व्हावाही.

पण स्लाइडवरच्या शेवटच्या ओळीतल्या प्रश्नाला सावकाश भिडायला हवं, कारण सगळ्या चर्चेतली ही सर्वांत सूक्ष्म जागा आहे. माणसाचा उजवा पाय मोडला तरी डावा शाबूत राहतो. म्हणजे दोन्ही पाय वेगळे अवयव आहेत. पण गावातल्या शंभर धडधाकट माणसांच्या पायांची ताकद मोजली, तर ज्याचा उजवा पाय दणकट त्याचा डावाही दणकट, असंच दिसेल. ‘वेगळा बिघडू शकतो’ आणि ‘माणसामाणसांत वेगळा कमी-जास्त असतो’ ही दोन निराळी विधानं आहेत. मेंदूच्या इजेचा पुरावा पहिलं विधान सिद्ध करतो. शाळेला मात्र दुसऱ्याशी कर्तव्य आहे, कारण वर्गात बसलेली मुलं धडधाकट मेंदूची आहेत आणि शिक्षकाला त्यांच्यातल्या फरकांविषयी बोलायचं आहे. दुसऱ्या विधानासाठी पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो.

स्लाइड ५
क्षमता स्वतंत्र आहेत का? मोजून पाहू
१९०४ : चार्ल्स स्पिअरमन – शाळकरी मुलं, विषयांतील कामगिरी आणि स्वरांतला फरक ओळखणं
२००६ : व्हिसर, अ‍ॅश्टन, व्हर्नन – २०० प्रौढ, ८ क्षेत्रं, प्रत्येकी २ चाचण्या

या स्लाइडला सात-आठ मिनिटं द्यावीत. आधी सहसंबंध म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगावं : एका गोष्टीत जे पुढे, तेच दुसऱ्या गोष्टीतही साधारणपणे पुढे असतील, तर त्या दोन गोष्टींत धन सहसंबंध आहे. दोन क्षमता खरोखर स्वतंत्र असतील, तर एकीवरून दुसरीचा काहीच अंदाज बांधता येणार नाही. भाषेत अव्वल असलेल्या मुलाचं गणित कसं असेल, हे सांगणं नाणेफेक करण्याइतकंच अनिश्चित ठरेल.

स्पिअरमन यांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांची अभिजात भाषा, फ्रेंच, इंग्रजी, गणित, संगीत आणि स्वरांतला फरक ओळखण्याची क्षमता यांची तुलना केली. सगळे सहसंबंध धन निघाले, संगीताचेही. या सगळ्यांच्या मुळाशी एक सामान्य घटक असावा, असं त्यांनी मांडलं. पुढच्या शंभर वर्षांत वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या चाचण्यांत हेच पुन्हा पुन्हा दिसलं. जॉन कॅरोल यांनी १९९३ मध्ये चारशेहून अधिक माहितीसंचांचं पुनर्विश्लेषण केलं. त्यातून थरांची रचना पुढे आली : वर एक सामान्य क्षमता, तिच्याखाली काही व्यापक क्षमता आणि त्यांच्याखाली अनेक बारीक कौशल्यं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गार्डनर यांना नाकारायचं म्हणजे ‘बुद्धी एकच’ मानायचं, असा पर्याय नाही. कॅरोल यांच्या चित्रात क्षमता अनेक आहेत, पण त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत.

व्हिसर आणि सहकाऱ्यांनी कॅनडात गार्डनर यांची यादीच घेऊन ती मोजली. भाषिक, तार्किक, अवकाशीय, निसर्गविषयक आणि आंतरव्यक्ती या क्षेत्रांतल्या चाचण्या एकमेकींशी आणि सामान्य घटकाशी चांगल्याच जोडलेल्या निघाल्या. शारीरिक आणि सांगीतिक चाचण्यांचा त्या घटकाशी संबंध कमी होता. व्यक्तिअंतर्गत क्षेत्रातल्या एका चाचणीचंही तसंच. म्हणजे दुसरा दावा यादीतल्या बऱ्याच भागाला टिकत नाही आणि जिथे थोडा टिकतो, तिथे ज्याला आपण एरवी अंगातलं कसब किंवा गळ्यातला सूर म्हणतो त्या क्षमता आहेत.

गार्डनर यांचं यावरचं उत्तरही स्लाइडच्या खाली एका ओळीत असावं. त्यांच्या मते अशा चाचण्या मुळातच भाषा आणि तर्कावर झुकलेल्या असतात, त्यामुळे त्यांत सामान्य घटक दिसणारच. बुद्धिमत्ता मोजायची तर त्या त्या माध्यमात, प्रत्यक्ष कामात मोजली पाहिजे. आक्षेप रास्त आहे. पण मग तसं मोजून स्वतंत्रपणा दाखवून देण्याची जबाबदारी सिद्धांत मांडणाऱ्यावर येते. चाळीस वर्षांत ती पुरी झालेली नाही. सिद्धांत अमुक प्रकारे खोटा ठरू शकेल असं सांगता येत नसेल, तर तो खराही ठरवता येत नाही. लिन वॉटरहाउस यांनी २००६ मध्ये केलेल्या टीकेचा रोख हाच होता.

पुढची स्लाइड सिद्धांताच्या वापराविषयी आहे. तिथे शिक्षक आणि पालक दोघांनीही कान टवकारावेत.

स्लाइड ६
गार्डनर यांनी हे म्हटलेलं नाही :
• बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली
• ‘हे मूल सांगीतिक, ते मूल गणिती’ अशी लेबलं
• दहा मिनिटांच्या प्रश्नावलीतून प्रबळ बुद्धिमत्ता कळते
• बोटांच्या ठशांतून बुद्धिमत्ता कळते

बहुविध बुद्धिमत्ता आणि अध्ययनशैली यांची गल्लत इतकी पसरली, की गार्डनर यांना २०१३ मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं वृत्तपत्रात लिहून सांगावं लागलं. शैली म्हणजे कामाला भिडण्याची पद्धत, आणि एकच माणूस वेगवेगळ्या कामांत वेगवेगळ्या पद्धतीनं वागू शकतो. बुद्धिमत्ता म्हणजे विशिष्ट प्रकारची माहिती हाताळण्याची क्षमता. त्याआधी १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका कार्यक्रमानं वेगवेगळ्या वांशिक गटांना वेगवेगळ्या बुद्धिमत्ता चिकटवल्या होत्या. तेव्हाही त्यांनी जाहीर विरोध केला होता.

प्रश्नावलींचं काय? छात्राध्यापक सराव पाठांच्या शाळेत मुलांना ‘मला गाणी ऐकायला आवडतात’, ‘मला कोडी सोडवायला आवडतात’ अशी विधानं देतात, होय-नाही भरून घेतात, बेरीज करतात आणि मुलांची विभागणी करतात. यात क्षमता मोजली जातच नाही, आवड मोजली जाते. गाणी ऐकायला वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला आवडतं. स्वर ओळखता येतो का, ताल धरता येतो का, हे विचारायचं तर मुलाला गायला किंवा टाळी द्यायला लावावं लागेल. त्यात आवडही रोज बदलते. हीच प्रश्नावली पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावी आणि किती मुलांची ‘प्रबळ बुद्धिमत्ता’ तीच राहते ते मोजावं. चाचणीची विश्वसनीयता तपासण्याची ही प्राथमिक रीत बी.एड.च्या अभ्यासक्रमातच आहे. ती इथे मात्र क्वचितच वापरली जाते.

बोटांच्या ठशांवरच्या चाचणीबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. डीएमआयटी या नावानं ती महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावीही विकली जाते, अनेकदा शाळेच्याच आवारात पालकसभा घेऊन. दहा बोटांचे ठसे घेतात आणि काही दिवसांत रंगीत आलेखांचा जाड अहवाल देतात. त्यात आठ बुद्धिमत्तांचे टक्के असतात, मुलानं कोणती शाखा घ्यावी तेही असतं. ठशांवरच्या रेषा आईच्या पोटात पहिल्या काही महिन्यांत तयार होतात आणि पुढे बदलत नाहीत, हे खरं. पण त्या रेषांवरून मुलाचं भाषेचं किंवा गणिताचं बळ कळतं, याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. अहवाल खरा वाटतो, त्याचं कारण त्यातली वाक्यं कोणत्याही मुलाला लागू पडतात. खात्री करायची असेल तर पाच-सहा मुलांच्या अहवालांवरची नावं झाकावीत आणि पालकांना आपल्या मुलाचा अहवाल ओळखायला सांगावं. माझा राग इथे यासाठी आहे, की बुद्ध्यंकाच्या एका आकड्यातून मुलांना सोडवण्यासाठी मांडलेल्या विचाराच्या नावावर आता त्यांच्या कपाळी आठ आकडे मारले जात आहेत, आणि तेही त्यांना एक प्रश्नसुद्धा न विचारता.

आता तिसरा दावा : त्यानुसार शिकवलं तर मूल जास्त शिकतं.

स्लाइड ७
नेहमीचा प्रयोग
वर्ग अ : बहुविध बुद्धिमत्तेवर आधारित उपक्रम
वर्ग ब : नेहमीचं व्याख्यान
निकाल : अ पुढे. पण कशामुळे?

रास्त प्रयोग
वर्ग अ : मुलाच्या प्रबळ क्षमतेनुसार निवडलेला उपक्रम
वर्ग ब : तेच उपक्रम, तेवढाच वेळ, पण चिठ्ठी टाकून वाटलेले

कृतिसंशोधनासाठी हा विषय घेणारे छात्राध्यापक बहुतेक वेळा वरचाच प्रयोग करतात. वर्ग अ पुढे जातो आणि निष्कर्ष लिहिला जातो. पण वर्ग अ ला जास्त वेळ मिळाला, नवी साधनं मिळाली, शिक्षक स्वतः उत्साहात होता, मुलं हातानं काहीतरी करत होती. यांतल्या कशानंही गुण वाढू शकतात. बुद्धिमत्तेशी जुळणी केल्यामुळेच वाढले, हे कळायचं तर बाकी सगळं सारखं ठेवून फक्त जुळणी बदलली पाहिजे. खालचा प्रयोग तेच करतो. त्यात अ पुढे गेला, तर तिसऱ्या दाव्याला आधार मिळेल. दोघंही सारखेच पुढे गेले, तर फायदा उपक्रमांचा, जुळणीचा नव्हे.

फेर्रेरो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत सुमारे तीन हजार विद्यार्थी होते. वरवर पाहता परिणाम मोठे दिसत होते, पण अभ्यास कच्चे होते : गट लहान, तुलनेसाठी बरोबरीचं काहीतरी करणारा गट नाही, नेमकं काय शिकवलं याची माहिती अपुरी. असा पुरावा घेऊन हा सिद्धांत वर्गात चालतो की नाही हे सांगताच येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सेमिनारमध्ये तो जसाच्या तसा मांडावा. ‘चालत नाही हे सिद्ध झालं’ असं म्हणणंही चूकच.

मग उद्या पाठ घ्यायचा तो कसा? ही स्लाइड नसेल तर छात्राध्यापक हताश होऊन घरी जातील. म्हणून एक पाठ तपशिलात घेऊ.

स्लाइड ८
१/३ + १/४ = २/७ ?
बारा सेंटिमीटरची पट्टी
१/३ → ४ सेंमी
१/४ → ३ सेंमी
एकत्र → ७ सेंमी, म्हणजे ७/१२

अपूर्णांकांच्या बेरजेत अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायची चूक शिक्षकांच्या चांगल्या ओळखीची आहे. पाकळ्यांच्या साच्यातलं पाठ टाचण अशा वेळी काय सुचवतं? अपूर्णांकांवर कविता करा, नियम चालीत म्हणा, अपूर्णांकांचा नाच करा, झाडाची पानं गोळा करा, आपल्याला काय वाटलं ते रोजनिशीत लिहा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हे आटपतं, मुलं खूशही होतात. पण यातली कोणती कृती २/७ या उत्तराला हात घालते? चालीत म्हटलेला नियम पाठ होईल. तो तसा का आहे, हे चाल सांगत नाही.

पट्टी सांगते. प्रत्येक मुलाला बारा सेंटिमीटर लांबीची कागदी पट्टी द्यावी. तिचे तीन सारखे भाग करून एकावर खूण करायला सांगावी, ४ सेंटिमीटर आले. दुसऱ्या पट्टीचे चार सारखे भाग, एक भाग ३ सेंटिमीटर. दोन्ही तुकडे जोडले की ७. आता तिसरी पट्टी घ्यावी आणि तिचा २/७ भाग दाखवायला सांगावं. तो साडेतीन सेंटिमीटरच्याही किंचित आत येतो. म्हणजे ४ सेंटिमीटरमध्ये ३ मिळवले आणि उत्तर ४ पेक्षा कमी आलं! हे मुलांना स्वतःच्या हातानं दिसलं की समान छेदाची गरज त्यांना समजावून सांगावी लागत नाही. बारा हाच छेद का, हेही पट्टीवरच दिसतं : तीन आणि चार या दोन्ही वाटण्या जिच्यात बसतात, अशी बारीक वाटणी बाराची.

ही कृती अवकाशीय आहे, शारीरिकही आहे. पण ती अवकाशीय बुद्धिमत्तेच्या मुलांसाठी निवडलेली नाही. अपूर्णांक ही लांबीसारखी एक राशी आहे, म्हणून निवडलेली आहे आणि वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी आहे. माध्यम ठरवताना मुलाचा प्रकार पाहायचा नसून आशय पाहायचा, हा मुद्दा या स्लाइडवर ठसला पाहिजे. नकाशा शिकवताना सगळ्यांनी नकाशा काढायचा. कविता शिकवताना सगळ्यांनी ती मोठ्यानं म्हणायची, कारण तिचा नाद हा तिच्या अर्थाचा भाग आहे. संगीतही गणितात येऊ शकतं : तबल्यावर दुगुन वाजवताना एका मात्रेत दोन बोल बसतात, तेव्हा अर्धी मात्रा कानाला खरोखर ऐकू येते. तिथे संगीत आशयातच आहे, वरून चिकटवलेलं नाही.

गार्डनर स्वतःही महत्त्वाची संकल्पना अनेक मार्गांनी मांडायला सांगतात, कारण एका मार्गानं जे दिसत नाही ते दुसऱ्यानं दिसतं. त्यांच्या विचारातला हा भाग शाळेनं खुशाल घ्यावा. त्यासाठी मुलांच्या बुद्धिमत्ता स्वतंत्र असायची गरज नाही. उलट ‘हा मुलगा सांगीतिक आहे, त्याला पट्टीचं काम नको’ असं ठरवलं, तर त्याच्याकडून अपूर्णांक समजण्याची सर्वांत चांगली वाटच काढून घेतल्यासारखं होतं. ज्या क्षमतेत मूल मागे आहे, तिला सराव देणं हेच तर शाळेचं काम.

स्लाइड ९
पुन्हा तीन दावे
१. क्षमता अनेक – आधार भक्कम
२. त्या स्वतंत्र बुद्धिमत्ता – आधार कमजोर
३. जुळवून शिकवलं तर जास्त शिकणं – अजून दाखवलेलं नाही
आपले हात आता कुठे?

सुरुवातीला फळ्यावर लिहिलेले आकडे इथे पुन्हा पाहावेत, हात पुन्हा वर करायला सांगावेत आणि उरलेली दहा मिनिटं प्रश्नांना द्यावीत. काही प्रश्न येणारच, त्यांची तयारी ठेवावी.

‘मग लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर यांचं काय?’ हा प्रश्न पहिला येतो. असामान्य क्षमता असतात हे कुणीच नाकारत नाही, तो पहिल्या दाव्याचाच भाग आहे. स्वतंत्रपणा मात्र एका असामान्य माणसावरून ठरत नाही, अनेक सामान्य माणसांच्या मोजणीवरून ठरतो. शिवाय लताबाईंचं उदाहरण जवळून पाहिलं तर ते फक्त सांगीतिक राहत नाही. उर्दू शब्द निर्दोष उच्चारता यावेत म्हणून त्यांनी शिक्षकाकडून उर्दूचे धडे घेतले होते. गाण्यात सूर, शब्द, अर्थ आणि भाव एकत्र येतात. एवढ्या मोठ्या गायिकेचं गाणं एकाच पाकळीत बसवायला गेलं तर बरंच काही बाहेर राहतं.

‘या सिद्धांतामुळे मागे पडलेल्या मुलांना आत्मविश्वास येतो, मग तो मोडायचा कशाला?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि त्याला तसंच उत्तर दिलं पाहिजे. मुलाला आदरानं वागवायला तो कोणत्या तरी प्रकारे बुद्धिमान आहे हे आधी सिद्ध करावं लागत नाही. ‘तू गणितात नाहीस, पण खेळात आहेस’ हे ऐकायला गोड लागतं, पण त्याचा दुसरा अर्थ मुलाच्या कानात राहतो : गणिताचा नाद सोड. पाचवीतल्या मुलाबद्दल असा निवाडा देण्याइतका पुरावा कोणत्याही शिक्षकाकडे नसतो.

आणि तिसरा प्रश्न अगदी व्यवहाराचा : ‘हे सगळं ठीक, पण परीक्षेत लिहायचं काय?’ शिक्षक पात्रता परीक्षेत सिद्धांत कुणी मांडला किंवा अमुक क्षमता कोणत्या बुद्धिमत्तेत येते, असे पर्यायी प्रश्न येतात. तिथे गार्डनर यांचं वर्गीकरण विचारलेलं असतं आणि उत्तर त्यानुसारच द्यायचं. विद्यापीठाच्या दीर्घोत्तरी प्रश्नात ‘चिकित्सक परीक्षण करा’ असं असेल, तर पहिल्या पानावर सिद्धांत आणि त्याचे निकष नीट मांडावेत, पुढच्या पानावर तीन दावे वेगळे करावेत आणि प्रत्येकापुढे कोणता पुरावा आहे ते लिहावं. पट्टीचं उदाहरण आकृतीसह द्यायला अर्धं पान पुरतं.